वर्ग सोडताना उरलेले शुल्क

वार्षिक शुल्क भरून आपण जलतरण वर्गास जाऊ लागता आणि तीन महिन्यांनी खांद्याच्या दुखण्यामुळे डॉक्टर पोहणे बंद करावयास सांगतात. अशा वेळी अनेक ज्येष्ठ जाणे थांबवितात; पण संस्थेस कळवीत नाहीत. पैसे अडकतात ते येथेच, कारण हिशेब बहुधा गैरहजेरीपासून नव्हे, तर लेखी अर्जाच्या दिनांकापासून होतो.

म्हणून विलंब न करता अर्ज द्यावा. त्यात पावतीचा क्रमांक, वर्ग सोडण्याचा दिनांक आणि मागितलेली रक्कम स्पष्ट लिहावी. डॉक्टरांच्या दाखल्यात कोणता व्यायाम कधीपासून वर्ज्य आहे, एवढे असले तरी पुरे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

समजा, वर्षाचे १२,००० रुपये भरले आणि तीन महिने वापरले. सरळ हिशेबाने ९,००० रुपये उरतात. संस्था मात्र वार्षिक सवलत काढून घेऊन, वापरलेले महिने सुट्या मासिक दराने, म्हणजे १,५०० रुपयांनी मोजू शकते. मग ७,५०० उरतात. हा नियम प्रवेश अर्जावर किंवा पावतीवर छापलेला आहे का, ते पाहावे. नसल्यास ९,००० रुपयांचाच आग्रह धरावा.

‘शुल्क परत मिळणार नाही’ अशी ओळ पावतीवर असली, तरी तेवढ्याने वाट बंद होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तेथे न मिटल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. एवढ्या लहान रकमेसाठी तेथे तक्रार शुल्क लागत नाही. निकाल मात्र अटी आणि कागदपत्रे पाहूनच होतो.