निव्वळ वर्तमान मूल्य आणि अंतर्गत परतावा दर : क्रम उलटा का लागतो?

भांडवली अंदाजपत्रकाचे प्रकरण शिकविताना विद्यार्थ्यांचा एक प्रश्न हमखास येतो. एका पद्धतीने पहिला प्रकल्प सरस ठरतो आणि दुसऱ्या पद्धतीने दुसरा. मग खरे काय मानायचे? बहुतेक पाठ्यपुस्तके 'निव्वळ वर्तमान मूल्य ग्राह्य धरावे' एवढेच सांगून पुढे जातात. त्यामागील कारण एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीपुढे दोन पर्याय आहेत असे समजू. जागा एकच असल्याने दोन्ही यंत्रे घेता येत नाहीत. संघर्षाचा प्रश्न अशा परस्परवर्ज्य प्रकल्पांतच उद्भवतो. प्रकल्प स्वतंत्र असतील, तर दोन्ही फायदेशीर प्रकल्प स्वीकारता येतात आणि क्रम लावण्याची गरजच उरत नाही. आकडे काल्पनिक आहेत.

तक्ता क्र. १ : वर्षाअखेरची रोख आवक (लाख रुपये)

| | गुंतवणूक | वर्ष १ | वर्ष २ | वर्ष ३ |
|---|---|---|---|---|
| प्रकल्प अ | १० | ७ | ४ | २ |
| प्रकल्प ब | १० | १ | ४ | १० |

भांडवलाचा खर्च १० टक्के धरल्यास 'अ'चे निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे १.१७ लाख आणि 'ब'चे सुमारे १.७३ लाख रुपये येते. म्हणजे 'ब' श्रेष्ठ. परंतु अंतर्गत परतावा दर 'अ'चा १८.२ टक्के आणि 'ब'चा १७.१ टक्के येतो. म्हणजे 'अ' श्रेष्ठ. गुंतवणूक सारखी, कालावधीही सारखा, तरी क्रम उलटा.

याचे कारण पैसा केव्हा परत येतो यात आहे. 'अ'मधील बहुतांश रक्कम पहिल्याच वर्षी मोकळी होते. १८.२ टक्के हा दर प्रकल्पात अडकून राहिलेल्या रकमेवर मिळतो. मोकळ्या झालेल्या ७ लाखांवर तो मिळेलच असे नाही. केवळ दर पाहून 'अ' निवडणारा मात्र ती रक्कमही त्याच दराने वाढेल असे नकळत गृहीत धरतो. व्यवहारात ती १० टक्क्यांनीच गुंतविता येत असेल, तर तिसऱ्या वर्षाअखेर 'अ'मधून १४.८७ लाख आणि 'ब'मधून १५.६१ लाख रुपये हाती येतात. ७४ हजारांच्या या फरकाचे आजचे मूल्य सुमारे ५५,६०० रुपये होते. दोन्ही प्रकल्पांच्या निव्वळ वर्तमान मूल्यांतील फरकही नेमका तेवढाच आहे. दराच्या मागे जाणारा मालक एवढी रक्कम गमावतो.

वर्गात समजाविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे 'ब'मधून 'अ' वजा करणे. मूळ गुंतवणूक व दुसरे वर्ष रद्द होते. उरते ते एवढेच : पहिल्या वर्षाअखेर ६ लाख सोडायचे आणि तिसऱ्या वर्षाअखेर ८ लाख जादा घ्यायचे. ६ लाखांचे दोन वर्षांत ८ लाख होण्यासाठी दरसाल सुमारे १५.५ टक्के दर लागतो. हाच फरकाचा अंतर्गत परतावा दर होय. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांच्या नावावरून त्यास 'फिशर दर' म्हणतात. याच दराला दोन्ही प्रकल्पांची निव्वळ वर्तमान मूल्ये सारखी होतात.

आता निर्णयाचा नियम आपोआप मिळतो. भांडवलाचा खर्च १५.५ टक्क्यांहून कमी असेल, तर थांबणे परवडते आणि 'ब' निवडावा. तो जास्त असेल, तर 'अ' निवडावा. १६ टक्क्यांना पडताळा घेतल्यास 'अ'चे मूल्य सुमारे २८,८०० आणि 'ब'चे सुमारे २४,१०० रुपये येते. येथे दोन्ही पद्धतींचा क्रम जुळतो. म्हणजे संघर्ष सर्वत्र नसतो, तो फिशर दराच्या खालीच असतो.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी. भांडवलाचा खर्च १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर त्याच्या अंदाजातील एका टक्क्याची चूकही निवड बदलू शकते. शिवाय 'ब'चा सारा भार तिसऱ्या वर्षीच्या १० लाखांवर आहे. तो अंदाज आधी तपासावा.

संगणकावर आकडेमोड करून घेताना एक चूक वारंवार आढळते. एक्सेलमधील NPV हे सूत्र पहिल्या आकड्यासही एक वर्षाचा वटाव लावते. त्यामुळे आजची गुंतवणूक (B1 मध्ये उणे चिन्हासह) सूत्राबाहेर ठेवावी लागते :

```
=NPV(10%,B2:B4)+B1
=IRR(B1:B4)
```

चारही आकडे NPV मध्येच घातल्यास 'ब'चे उत्तर १.७३ ऐवजी सुमारे १.५७ लाख येते. उत्तरपत्रिकेत असा आकडा दिसल्यास चूक कोठे झाली हे लगेच ओळखता येईल.