मोजमापांच्या गोष्टी : भाग ६ – आजीचा शेर

पंचवटीत आमच्या शेजारी राहणारी सहावीतली मुलगी रविवारी वही घेऊन आली. शाळेचा प्रकल्प होता : आजी-आजोबांची मापं आणि मेट्रिक मापं. तिचा हिशेब सरळ होता. तोळा १० ग्रॅमचा, शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे शेर ८०० ग्रॅमचा. गुणाकार बरोबर होता, पण उत्तर चुकलं होतं.

कारण तिनं दोन काळांतले तोळे एकत्र केले होते. गोदेपलीकडच्या सराफ बाजारात आज तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा. मेट्रिक वजनं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, तेव्हा सोनारांनी जुना शब्द ठेवला आणि वजन सोयीचं केलं. त्याआधीचा सरकारी तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. शेर त्या तोळ्यांचा, म्हणून तो सुमारे ९३३ ग्रॅम.

तिला हे पटेना. मग आजीनं देव्हाऱ्यातले लक्ष्मीपूजनाचे पाच राणीछाप रुपये काढले. चांदीचा रुपया एक तोळ्याचाच पाडत, त्यामुळे तो वजन म्हणूनही चाले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकच नाणं ठेवलं तर ११ की १२ ते नीट कळत नाही. पाचही एकदम ठेवले. काटा ५८ वर थांबला. पाचानं भागा : ११.६. नाणी झिजलेली असली तर आकडा आणखी उतरतो, तो कधी १० पर्यंत जात नाही. आणि पाच तोळे म्हणजेच एक छटाक! मुलीनं तो शब्द तिथंच वहीत लिहून घेतला.

हाच घोटाळा दागिन्यांत होतो. १९५० सालच्या चार तोळ्यांच्या पाटल्या ४० ग्रॅमच्या समजू नयेत; त्या ४६.६ ग्रॅमच्या आसपास भरायला हव्यात. दागिना कोणत्या साली घडवला, हे आधी विचारावं.

तेवढ्यात आजी म्हणाली, "अगं, पण आम्ही तांदूळ शेरानं घ्यायचो तो मापाचा शेर, वजनाचा नव्हे." मला प्रकल्पातली ही सर्वांत मोलाची नोंद वाटते. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली : ही भांड्यानं मोजायची मापं. त्यांना ग्रॅम लावायचे तर धान्य कोणतं ते सांगावं लागतं. समजा भांड्यात एक लिटर पाणी मावतं. त्यात तांदूळ साधारण ८०० ग्रॅम भरतील, चुरमुरे मात्र त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत. शिवाय माप काठोकाठ सपाट केलं की वर शीग ठेवली, यानंही फरक पडतो. मापांचा आकारही गावोगाव वेगळा असे. म्हणून घरचं पितळी मापटं आधी पाण्यानं भरून मिलिलिटरमध्ये मोजायचं.

मुलीनं तक्ता खोडून नवा आखला. आता त्यात 'शेर' दोनदा येतो : एकदा ग्रॅमच्या रकान्यात, एकदा मिलिलिटरच्या. दुसरा रकाना अजून रिकामा आहे; आजीचं मापटं माळ्यावरून काढायचं आहे.