झबली किती, परकर-पोलकी किती? शाब्दिक उदाहरणातून समीकरण असं मांडा

बारावीच्या गणितात ‘लिनिअर प्रोग्रामिंग’ येतं. त्यातली आकडेमोड तशी सोपी असते. गाडी अडते ती उदाहरण वाचून समीकरण मांडताना. माझी तर घरच्याच हिशोबात अडली होती.

माझी मावशी सांगलीत लहान मुलांचे कपडे शिवून दुकानांना देते. कटिंगला एक मास्तर येतात, शिलाईला एक ताई. दिवाळीच्या आधी मावशीने विचारलं, “अरे, झबली जास्त शिवून घेऊ की परकर-पोलकी? सांग बघू तुझ्या मोबाईलवर हिशोब करून.”

तिने दिलेली माहिती अशी: एका झबल्याला कटिंगचा पाव तास आणि शिलाईचा अर्धा तास लागतो. परकर-पोलक्याला कटिंगचा अर्धा तास आणि शिलाईचा दीड तास. मास्तर आठवड्याला १५ तास देतात, ताई ३६ तास. झबल्यामागे ६० रुपये सुटतात, परकर-पोलक्यामागे १५०.

आधी स्वतःला विचारायचं, मावशीच्या हातात काय आहे? तास नाहीत, भाव नाही. किती नग शिवायचे एवढंच ती ठरवू शकते. म्हणून x म्हणजे आठवड्यात शिवायच्या झबल्यांची संख्या आणि y म्हणजे परकर-पोलक्यांची संख्या. नुसतं ‘x म्हणजे झबलं’ असं लिहू नका. मग मध्येच x म्हणजे नग, तास की रुपये, याचा गोंधळ होतो.

आता उद्दिष्ट, म्हणजे जे वाढवायचं आहे ते: 60x + 150y. इथे मी मावशीला विचारलं, की हे ६० रुपये मजुरी वजा करून आहेत का? ती म्हणाली, “नाही रे, फक्त कापड, दोरा, बटणं वजा केलीत. दोघांना पगार ठरलेला आहे.” म्हणजे नग कितीही निघाले तरी मजुरी तेवढीच जाणार, ती इथे वजा करायची गरज नाही. मजुरी नगावर असती तर मात्र ती ६० आणि १५० मधून आधी काढावी लागली असती.

खरी चूक मी अटी लिहिताना केली. झबल्याला एकूण पाऊण तास, परकर-पोलक्याला दोन तास, आणि हाताशी १५ अधिक ३६ म्हणजे ५१ तास. सगळं एकत्र करून एकच अट लिहिली: 0.75x + 2y <= 51. उत्तर आलं, फक्त ६८ झबली शिवा, ४०८० रुपये सुटतील. मावशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “६८ झबली? मास्तरांना तेवढी कापायला वेळ कुठाय?” बरोबर होतं तिचं. ६८ पाव तास म्हणजे १७ तास, आणि मास्तर देतात १५. ताईंचे दोन तास उरले तरी त्या काही कटिंग करत नाहीत. ज्यांचे तास एकमेकांच्या कामी येत नाहीत, त्यांची अट वेगळी लिहायची:

```
0.25x + 0.5y <= 15
0.5x + 1.5y <= 36
x >= 0
y >= 0
```

पहिली ओळ मास्तरांची, दुसरी ताईंची. सगळीकडे तासच आहेत ना, हे तपासा. एका बाजूला मिनिटं आणि दुसरीकडे तास आले तर उत्तर भलतंच येतं. शेवटच्या दोन ओळी मुलं हमखास विसरतात. पण उणे पाच झबली कोण शिवणार?

डेस्मॉस ॲपमध्ये या चार ओळी टाइप केल्या की प्रत्येक अटीचा भाग रंगतो. सगळे रंग जिथे एकावर एक येतात, त्या भागाचे कोपरे बघायचे, कारण सर्वांत जास्त नफा कोपऱ्यावर सापडतो. फक्त ६० झबली केली तर ३६०० रुपये. फक्त २४ परकर-पोलकी, तरीही ३६००. दोन्ही रेषा छेदतात तिथे ३६ झबली आणि १२ परकर-पोलकी, आणि नफा ३९६०. या वेळी उत्तर लगेच मावशीच्या वाक्यात घालून पाहिलं: कटिंगला ९ अधिक ६ म्हणजे १५ तास, शिलाईला १८ अधिक १८ म्हणजे ३६. जमलं.

दोन दिवसांनी मावशीचा फोन. दुकानदार आठवड्याला दहाच परकर-पोलकी घेणार म्हणे. मी एकच ओळ वाढवली, y <= 10. नवं उत्तर ४० झबली, १० परकर-पोलकी, नफा ३९००. मास्तरांचे १५ तास पूर्ण भरले, पण ताईंचा एक तास रिकामा राहिला. अटींमध्ये ‘बरोबर’ऐवजी ‘पेक्षा जास्त नाही’ लिहितात ते याचसाठी. बरोबर ३६ तास भरायचेच असं लिहिलं असतं, तर दहा परकर-पोलक्यांसोबत ४२ झबली करावी लागली असती, आणि ती मास्तरांच्या १५ तासांत बसतच नाहीत.