गेममध्ये ब्लूटूथ हेडफोनचा आवाज मागे का पडतो?

ब्लूटूथ हेडफोन लावून गेम खेळताना गोळी आधी सुटलेली दिसते आणि तिचा आवाज नंतर येतो. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये ही दिरंगाई साधारण १५० ते २५० मिलिसेकंदांची असते. त्याच हेडफोनवर चित्रपट पाहताना मात्र ओठ आणि आवाज जुळलेले असतात. व्हिडिओचा पुढचा भाग आधीच ठरलेला असल्याने प्लेअर चित्र तेवढा वेळ रोखून धरतो. गेममध्ये पुढचा आवाज खेळाडूच्या बोटावर अवलंबून असतो. चित्र रोखले तर खेळच सुस्त होईल, म्हणून ही सोय तिथे चालत नाही.

उशीर टप्प्याटप्प्याने साचतो. फोन आधी आवाजाचे छोटे तुकडे करून ते एसबीसी किंवा एएसी यांसारख्या कोडेकने दाबून लहान करतो, मग रेडिओलहरींवरून पाठवतो. हेडफोन ते पुन्हा उलगडतो. सर्वांत जास्त वेळ जातो तो बफरमध्ये. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि वाय-फायही बहुधा तिथेच असते. या गर्दीत एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवायला सवड हवी, म्हणून हेडफोन थोडा आवाज आधीच साठवून ठेवतो. हा साठा कमी केला की आवाज तुटू लागतो.

सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये २०० मिलिसेकंद म्हणजे १२ फ्रेम. सेकंदाला सहा मीटर धावणारा शत्रू तेवढ्यात सव्वा मीटरच्या आसपास पुढे जातो. पावलांच्या आवाजावरून नेम धरणारा खेळाडू त्याची जुनी जागा ऐकत असतो. उशीर ३० मिलिसेकंदांवर आला, तर हे अंतर जेमतेम १८ सेंटिमीटर उरते.

हेडसेटसोबत मिळणारा लो-लेटन्सी डाँगल हेच साधतो. तोही बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो, पण डाँगल आणि हेडसेट एकाच कंपनीने एकमेकांसाठी बनवलेले असल्याने तुकडे लहान आणि बफर छोटा ठेवता येतो. संगणकाला तो यूएसबी साउंड कार्डासारखा दिसतो. साधा ब्लूटूथ डाँगल घेऊन मात्र सहसा फायदा होत नाही, कारण तो जुनाच मार्ग वापरतो. ३.५ मिलिमीटर जॅकच्या वायर्ड हेडसेटमध्ये आवाज दाबणे, रेडिओवरून पाठवणे आणि हेडफोनमधला साठा हे तिन्ही टप्पे गळतात.

दोष कुठे आहे ते घरीच तपासता येते. गेमच्या मेनूतले एखादे बटण वारंवार दाबून क्लिक ऐकावा, मग वायर लावून तेच करावे. वायर लावल्यावर क्लिक बोटाबरोबर आला, तर दोष ब्लूटूथचा. तरीही उशीर राहिला, तर कारण गेममध्ये किंवा फोनच्या ध्वनी-प्रणालीत असते आणि डाँगलने ते जात नाही. इंटरनेटच्या पिंगमुळे होणाऱ्या उशिरावरही हेडसेट बदलून उपाय होत नाही.