एकशे वीस ग्रॅमची पुडी

बीटी कपाशीच्या बियाण्याचं पाकीट फोडलं की आतून ४५० ग्रॅम सरकी निघायची आणि सोबत १२० ग्रॅमची एक वेगळी पुडी. तिच्यात बिगर-बीटी बी असायचं. ते शेताच्या चारी कडांनी लावायचं, निदान पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यांतलं जे जास्त भरेल तेवढं, असा नियम होता. बहुतेकांनी ती पुडी लावलीच नाही. अळीला चरायला आपल्याच रानात कुरण कोण राखणार?

अळी मरते कशी हे पाहिलं की कुरणाचं काम कळतं. बीटी कपाशीत मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. त्यापासून बनणारं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या ठरावीक प्रथिनांना चिकटतं, आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. आतड्यातल्या त्या प्रथिनाची घडणच बदललेली असेल, तर विषाला चिकटायला जागा उरत नाही. हा बदल घडवणारं जनुकाचं रूप, म्हणजे प्रतिकारक अ‍ॅलील, काही अळ्यांत बीटी येण्याआधीपासून असतं. बीटी ते निर्माण करत नाही, फक्त निवडून काढतं.

प्रत्येक अळीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. समजा, हजारातली एक प्रत प्रतिकारक आहे. मग १० लाख अळ्यांमध्ये दोन्ही प्रती प्रतिकारक असलेली अळी सरासरी एकच निघेल, आणि एक प्रत प्रतिकारक असलेल्या सुमारे २,०००. विष जहाल असेल तर या २,००० मरतात, कारण एका प्रतीने निभाव लागत नाही. उरते ती एकटी.

सगळं रान बीटी असेल तर पुढची पिढी तिच्यासारख्यांचीच, आणि अ‍ॅलीलची वारंवारता एका झटक्यात हजारात एकवरून शंभर टक्क्यांवर जाते. पण २० टक्के रान बिगर-बीटी असेल, तर तिथून दोन लाख साधे पतंग उडतात. त्या एकटीला जोडीदार मिळणार तो जवळजवळ नक्कीच त्यांच्यातला. पिल्लांच्या वाट्याला एकच प्रतिकारक प्रत येते आणि बीटी झाडावर ती मरतात. वारंवारता हजारात एकच्या आसपासच राहते. पुडीतलं बी अळीसाठी नव्हतंच, ते या पतंगांसाठी होतं.

या हिशेबाची एक अट आहे: एका प्रतीची अळी मेलीच पाहिजे. भारतात गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत ही अट बोंडाच्या आतच ढिली पडली. आपली कपाशी संकरित, म्हणजे बीटी जनुक तिला एकाच पालकाकडून मिळालेलं. झाड पूर्ण बीटी असतं, पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी. एकच जनुक असेल तर त्यातलं साधारण चौथं बी बीटीविना निघतं, आणि ही अळी नेमकी सरकीच खाते. एक बी विषारी, शेजारचं निर्विष, अशा मिश्र जेवणावर एका प्रतीची अळीही तगू शकते. अशा सगळ्या अळ्या तगल्या असं धरलं, तर २० टक्के आश्रय ठेवूनही अ‍ॅलील एका पिढीत पाचपट होतो. २००६ साली आलेल्या दोन जनुकांच्या वाणातही सोळातलं एक बी दोन्हींविना असतं.

पहिलं वाण २००२ साली आलं. २०१० साली गुजरातेतल्या गुलाबी बोंडअळीने त्याला दाद देणं सोडल्याचं जाहीर झालं. पुढे दोन जनुकांचं वाणही ढासळलं आणि २०१७ साली विदर्भात बोंडं फोडली की आत कवडी सापडू लागली. याच अळीची अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातली गोष्ट वेगळी. तिथे १९९६ पासून बीटी कपाशी होती, पण सरळ वाणांची, म्हणजे बोंडातलं प्रत्येक बी बीटी. शेतकऱ्यांनी आश्रयही राखला, आणि दहा वर्षं अळी मरतच राहिली. २००६ पासून वंध्य पतंग सोडले गेले आणि २०१८ साली अमेरिकेने ही अळी आपल्या कपाशीतून संपल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे पुढे बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून देण्याचा मार्ग निघाला. ही अळी बहुतेक आयुष्य एकाच बोंडात काढते, झाडं बदलत हिंडत नाही, म्हणून तिच्यापुरती मिसळ चालते. पण वेळेचा प्रश्न उरतो. वारंवारता १० टक्क्यांवर पोचल्यावर पाच टक्के आश्रय दिला, तर पुढच्याच पिढीत ती सुमारे २४ टक्के होते. मग अ‍ॅलीलपेक्षा अळ्यांची संख्याच कमी करावी लागते: कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे, गुलाबासारखी मिटलेली डोमकळी खुडून नष्ट करायची, आणि फरदडीचा मोह टाळून डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची. उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीच्या शेवटच्या बोंडांत, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून, अळी पुढच्या पावसापर्यंत झोपून राहते.