ॲनिमेटेड सिरीज सर्चमध्ये सापडावी म्हणून: टायटल, डिस्क्रिप्शन, चॅप्टर्स आणि टॅग्ज कसे लिहायचे?

सात मिनिटांचा टू-डी ॲनिमेशनचा एक भाग बनवायला तीन-चार जणांच्या टीमला सहज दोन महिने लागतात. स्टोरीबोर्ड, कॅरेक्टर, बॅकग्राउंड, आवाज, लिपसिंक, सगळं झाल्यावर शेवटच्या दिवशी अपलोड करताना टायटल मात्र दोन मिनिटांत टाइप होतं. आणि मग व्हिडिओ सर्चमध्ये दिसतच नाही.

मी मित्रांच्या एका छोट्या ॲनिमेशन ग्रुपसाठी यूट्यूब अपलोडिंगचं काम बघतो. त्यांची सिरीज आहे ‘कंदील’. प्रत्येक भागात कोकणातल्या लोककथांमधलं एक भूत. या लेखात त्यातलाच तिसरा भाग, ‘चकवा’, घेऊन एकेक गोष्ट कशी लिहायची ते बघूया.

आधी ठरवा: शोधणारा नक्की कोण?

सिरीज शोधणारे लोक दोन प्रकारचे असतात. पहिले, ज्यांना सिरीजचं नाव माहीत आहे. ते ‘कंदील भाग ३’ असं टाइप करतात. दुसरे, ज्यांनी तुमचं नावही ऐकलेलं नाही. ते विषय टाइप करतात: ‘चकवा म्हणजे काय’, ‘कोकणातील भुतांच्या गोष्टी’, किंवा इंग्रजी लिपीत `chakwa bhut`.

नवीन चॅनेलला पहिल्या प्रकारचे लोक अगदी थोडे असतात, पण बहुतेक जण टायटल त्यांच्यासाठीच लिहितात. ग्रुपने ठरवलेलं मूळ टायटल असं होतं:

```
कंदील | Episode 03 | चकवा | 2D Animation | Full HD
```

यात अडचण काय? ‘कंदील’ शोधलं की आकाशकंदील कसा बनवायचा याचे व्हिडिओ येतात, आणि दिवाळीच्या आधी तर तेच येणार. `Episode 03` आणि `Full HD` हे शब्द टाकून कोणी गोष्ट शोधत नाही. कामाचा शब्द एकच, ‘चकवा’, आणि तो मधे अडकलाय.

लोक काय टाइप करतात हे कळायला पैसे देऊन कुठलं टूल घ्यायची गरज नाही. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोमध्ये यूट्यूब उघडा, म्हणजे तुमची जुनी हिस्टरी मधे येणार नाही. सर्चमध्ये ‘चकवा’ लिहा, एक स्पेस द्या आणि खाली येणाऱ्या सूचना वहीत उतरवून घ्या. मग हेच इंग्रजी लिपीत करा. या सूचना लोकांच्या खऱ्या सर्चमधून येतात, म्हणून आपल्या अंदाजापेक्षा त्या बऱ्या.

टायटल: अनोळखी माणसाचा शब्द आधी, सिरीजचं नाव शेवटी

यूट्यूबवर टायटलला १०० कॅरेक्टरची मर्यादा आहे. मराठीत ती वाटते त्यापेक्षा लवकर भरते, कारण काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला पाय मोडलेला हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘गोष्ट’ आपल्याला दोन अक्षरं वाटतात, पण मोजणीत ती पाच होतात. शिवाय मोबाईलवर लांब टायटलचा शेवट कापला जातो. त्यामुळे महत्त्वाचं ते सुरुवातीलाच यायला हवं.

बदललेलं टायटल असं:

```
चकवा: रात्री वाट का सापडत नाही? | कोकणातली भुताची गोष्ट | कंदील भाग ३
```

हे ६९ कॅरेक्टर होतात. सुरुवातीला विषय, मग तो नेमका कुठल्या प्रकारचा व्हिडिओ आहे, आणि शेवटी सिरीजचं नाव व भागाचा नंबर. नंबर काढून टाकू नका. पुढचा भाग शोधणाऱ्याला तोच लागतो. शेवटचा तुकडा प्रत्येक भागात अगदी एकसारखा ठेवा. एकदा ‘भाग ३’, एकदा `Ep 4` असं केलं तर सिरीज तुटक दिसते.

एक वेगळा पेच ‘मुंजा’ या भागात येतो. २०२४ मध्ये ‘मुंज्या’ नावाचा हिंदी सिनेमा आला आणि तो शब्द शोधला की ट्रेलर, गाणी, रिव्ह्यू यांचीच गर्दी दिसते. त्या एका शब्दावर छोट्या चॅनेलने भांडण्यात अर्थ नाही. तिथे लांब वाक्य घ्यायचं: ‘मुंजा पिंपळावरच का राहतो?’ असा प्रश्न विचारणारे लोक कमी असतील, पण त्यांना हवं ते आपल्याकडेच आहे. सिनेमाचं नाव किंवा कलाकाराचं नाव टायटलमध्ये घुसवू नका. व्हिडिओत नसलेली गोष्ट लिहिणं यूट्यूबच्या नियमांत दिशाभूल मानलं जातं आणि व्हिडिओ काढला जाऊ शकतो.

डिस्क्रिप्शन: पहिली दोन वाक्यं

डिस्क्रिप्शनला ५००० कॅरेक्टर मिळतात, पण बघणाऱ्याला न उघडता फक्त सुरुवात दिसते. तिथे ‘नमस्कार, आमच्या चॅनेलवर स्वागत आहे’ लिहिलं तर ती जागा वाया गेली. आम्ही असं लिहिलं:

```
चकवा लागला की ओळखीची वाटही सापडत नाही, अशी
कोकणात जुनी समजूत आहे. ‘कंदील’ या मराठी ॲनिमेशन
मालिकेच्या तिसऱ्या भागात, बाजारातून रात्री घरी
निघालेल्या महादूला हाच चकवा लागतो.
```

बघा, यात चकवा, कोकण, मराठी ॲनिमेशन, मालिका हे सगळे शब्द आले, पण सरळ वाक्यांत. खाली कॉमा देऊन शंभर शब्दांची यादी चिकटवायची सवय अनेकांना असते. डिस्क्रिप्शनमध्ये टॅग्जचा असा ढीग टाकणं नियमाविरुद्ध आहे. त्याऐवजी पूर्ण प्लेलिस्टची लिंक, मागच्या भागाची लिंक, आवाज आणि चित्रं कोणाची ही नावं, आणि शेवटी दोन-तीन हॅशटॅग पुरे.

यूट्यूब स्टुडिओमध्ये टायटल-डिस्क्रिप्शनचं भाषांतरही जोडता येतं. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी मराठी मुलांचा फोन इंग्रजीत असतो, हे इथे लक्षात ठेवा. इंग्रजी भाषांतर जोडलं तर त्यांना कदाचित तेच दिसेल. म्हणून इंग्रजी टायटलमध्येही `Chakwa` आणि `Marathi` हे शब्द ठेवा. नुसतं `The Lost Path` केलं तर आपलाच प्रेक्षक ओळखणार नाही.

चॅप्टर्स: गोष्ट फोडायची नाही, दार दाखवायचं

चॅप्टर्ससाठी वेगळं बटण शोधू नका. डिस्क्रिप्शनमध्येच वेळ आणि नाव लिहायचं. नियम तीन: पहिली वेळ शून्यापासून सुरू हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात, आणि प्रत्येक चॅप्टर किमान १० सेकंदांचा हवा. यातला एक जरी चुकला तरी चॅप्टर्स दिसत नाहीत आणि का दिसत नाहीत तेही कळत नाही. वेळ नेहमी इंग्रजी आकड्यांत लिहा.

```
0:00 बाजारातून परतणारा महादू
1:10 चकवा लागतो म्हणजे काय?
3:05 तीच वाट पुन्हा पुन्हा
5:20 चकव्यातून सुटायची जुनी समजूत
7:05 पुढच्या भागात: गिऱ्हा
```

ट्युटोरियलमध्ये चॅप्टरचं नाव जितकं स्पष्ट तितकं चांगलं. गोष्टीत तसं नाही. ‘महादू सकाळी घरी पोचतो’ असं लिहिलं तर प्रोग्रेस बारवर बोट ठेवल्याबरोबर शेवट कळला. पण ‘सीन १’, ‘सीन २’ लिहिलं तर त्याचा सर्चला काही उपयोग नाही. मधला मार्ग असा की माहितीचा भाग प्रश्नासारखा लिहा आणि कथेचा भाग नुसता सूचक ठेवा. ‘चकवा लागतो म्हणजे काय?’ हे वाक्य कोणीतरी सर्चमध्ये टाइप करू शकतं, आणि त्यातून महादूचं पुढे काय झालं ते कळत नाही.

टॅग्ज: फक्त स्पेलिंगसाठी

सगळ्यात जास्त वेळ लोक इथे घालवतात, आणि सगळ्यात कमी फायदा इथेच आहे. टॅग्जचा व्हिडिओ सापडण्यात वाटा फार थोडा असतो, नावाचं स्पेलिंग लोक चुकवत असतील तेव्हा ते उपयोगी पडतात, असं यूट्यूब स्वतः सांगतं. मराठी शब्द इंग्रजी लिपीत लिहिताना नेमकं हेच होतं, कारण प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. म्हणून आमचे टॅग्ज एवढेच:

```
चकवा, chakwa, chakva, chakwa bhut, kokan bhut,
konkan bhut, kandil marathi animation
```

सगळे मिळून ५०० कॅरेक्टरची मर्यादा आहे, पण ती भरायची सक्ती नाही. ॲनिमेशन आहे म्हणून ‘लहान मुलांचं कार्टून’ हा टॅग मात्र भुताच्या गोष्टीला लावू नका. भीतीदायक व्हिडिओ मुलांचा म्हणून दाखवणं यूट्यूबच्या बालसुरक्षेच्या नियमांत अडकतं.

काम झालं की नाही, कसं ओळखायचं?

स्टुडिओमध्ये व्हिडिओचं ॲनालिटिक्स उघडा आणि ट्रॅफिक सोर्समध्ये `YouTube search` वर जा. लोक कोणते शब्द टाइप करून आले त्यांची यादी तिथे मिळते. तिथे फक्त ‘कंदील’ आणि चॅनेलचं नाव असेल, तर येतायत ते ओळखीचेच, नवीन कोणी नाही. मग टायटलची सुरुवात बदला. ‘चकवा’, `chakva` असे शब्द दिसू लागले की दिशा बरोबर आहे. तुम्ही न वापरलेला एखादा शब्द यादीत आला तर तो पुढच्या भागाच्या टायटलसाठी राखून ठेवा.

इम्प्रेशन्स भरपूर पण क्लिक कमी असतील, तर व्हिडिओ सर्चमध्ये दिसतोय, पण थंबनेल किंवा टायटल पटत नाहीये. क्लिक येतायत पण लोक पहिल्या अर्ध्या मिनिटात जातायत, तर टायटलने विचारलेला प्रश्न व्हिडिओत फार उशिरा येतोय. सर्चचा क्रम लावताना शब्द जुळतात का एवढंच नाही, तर त्या सर्चसाठी लोक व्हिडिओ किती बघतात हेही मोजलं जातं. त्यामुळे तिथे शब्द बदलून काही होणार नाही, एडिट बदलावा लागेल.

बदल करताना एका वेळी एकच करा आणि दोन आठवडे थांबा. टायटल, थंबनेल आणि चॅप्टर्स एकाच दिवशी बदलले तर आकडा कशामुळे हलला ते कधीच कळणार नाही. सुरुवात जुन्या भागांपासून करा. त्यांची चित्रं पुन्हा काढायची नाहीत, फक्त टायटलमधला कामाचा शब्द पुढे आणायचा आहे.