निम्मा व्यास, पाव कागद

वृत्तपत्राच्या छापखान्यात छपाई संपली की यंत्रावर एखादे अर्धवट रीळ उरते. नव्या रिळावर गिरणीने चिकटवलेल्या चिठ्ठीत वजन असते. पण या उरलेल्या रिळाचे वजन साठ्याच्या वहीत किती लिहायचे? दर वेळी ते काट्यावर चढवायची गरज नाही, मोजपट्टीने काम भागते.

रिळाच्या बाहेरच्या व्यासाचा वर्ग करायचा आणि त्यातून कोअरच्या, म्हणजे मधल्या पुठ्ठ्याच्या नळीच्या, व्यासाचा वर्ग वजा करायचा. उरलेल्या आकड्याला 0.7854 ने गुणले की कागदाच्या कड्याचे क्षेत्रफळ मिळते. त्याला रुंदीने गुणले की घनफळ, आणि घनतेने गुणले की वजन.

समजा, न्यूजप्रिंटचे रीळ 100 सेंटिमीटर व्यासाचे आणि 70 सेंटिमीटर रुंद आहे, कोअर 10 सेंटिमीटरचा आहे आणि घनता घनसेंटिमीटरला 0.65 ग्रॅम आहे. दहा हजारातून शंभर गेले, 9,900 उरले. पुढचे गुणाकार केले की वजन येते सुमारे 354 किलो. हेच रीळ 50 सेंटिमीटरवर आले की कागद किती उरतो? नजर सांगते निम्मा, प्रत्यक्षात उरतो जेमतेम 86 किलो, म्हणजे पावाहूनही कमी. अंदाजाने लिहिलेल्या वह्या इथेच फसतात.

कोअरचा व्यास नळीच्या बाहेरून घ्यायचा, कारण कागद तिथून सुरू होतो. आतले भोक 7.6 सेंटिमीटरचे असेल आणि चुकून तेच मोजले, तर भरल्या रिळात फारसे बिघडत नाही. पण 20 सेंटिमीटरच्या बुडख्यात 10.7 किलोच्या जागी 12.2 किलो येतात. बाहेरच्या व्यासाचे उलट आहे. भरल्या रिळात एका सेंटिमीटरची चूक सात किलोंना पडते. शिवाय आडवे ठेवलेले रीळ दबून लंबगोल होते. म्हणून पट्टी आडवी न धरता फीत भोवती गुंडाळून परीघ मोजावा आणि त्याला 3.1416 ने भागावे.

खरी गोम घनतेत आहे. जीएसएमला मायक्रॉनमधल्या जाडीने भागले की ती मिळते. 45 जीएसएमचा, 69 मायक्रॉनचा कागद असेल तर 0.65. पण ही झाली सुट्या कागदाची घनता. रिळात कागद ताणून, दाबून गुंडाळलेला असतो, त्यामुळे तिथली घनता थोडी वेगळी निघते. कागदातला ओलावाही वजन बदलतो. त्यामुळे पुस्तकातला आकडा घेण्यापेक्षा आपल्याच मालावरून तो काढलेला बरा. त्याच गिरणीचे, त्याच जातीचे नवे रीळ मोजावे आणि चिठ्ठीवरच्या निव्वळ वजनाला घनफळाने भागावे. चिठ्ठीवर एकूण वजन असेल तर त्यातून कोअर आणि वेष्टनाचे वजन आधी वजा करायला हवे. कागदाची जात बदलली की हा आकडा पुन्हा काढावा लागतो. चकचकीत आर्ट पेपरचे त्याच मापाचे रीळ न्यूजप्रिंटच्या जवळजवळ दुप्पट भरू शकते.